डॉमिनो : मामा हरले ते नशिबाने की न मोजल्याने?

शहापूरचा_भाचा
मंडळी, घरात दोन दिवस वाद चाललाय, म्हणून धागा काढालोय. आमच्या शहापुरात पावसाळ्यात संध्याकाळी लाईट गेली की मामा आणि शेजारच्या काकू डॉमिनो मांडतात. काकू गोकाकच्या, मराठी झकास बोलतात, पण पास द्यायची वेळ आली की तोंडातून "इल्ला री" येतंच.

नियम साधे. दोघंच खेळणार, २८ टाइल, प्रत्येकाला सात, उरलेल्या १४ चा ढीग. लावायला नसेल तर लागेपर्यंत ढिगातून उचलत राहायचं. ढिगात शेवटच्या दोन राहिल्या की त्यांना हात लावायचा नाही, मग नसेल तर पास. जो आधी सुटेल त्याला समोरच्याच्या हातातले ठिपके गुण म्हणून मिळतात.

टेबलावर ही ओळ होती (मी फोटो काढला होता, त्यावरून लिहितोय):

६-३ ३-० ०-० ०-५ ५-५ ५-३ ३-२ २-२ २-१ १-१ १-४ ४-४ ४-० ०-६ ६-६ ६-२ २-४ ४-६ ६-१ १-५ ५-४

म्हणजे एका टोकाला ६, दुसऱ्याला ४. मामांची पाळी. त्यांच्या हातात ४-३, ३-१ आणि ६-५. काकूंकडे दोन टाइल. ढीग दोनवर येऊन बंद.

मामांनी ६-५ लावली. काकूंनी ५-२. मामांनी ४-३. काकूंनी २-० लावली आणि सुटल्या. मामांच्या हातात ३-१ राहिली, चार गुण गेले. मामा म्हणालेत नशीब. मी म्हणतोय जिंकता आलं असतं, पण कसं ते मला सांगता येईना. तुम्ही सांगा की.

निपाणीकर
मामा बरोबर खेळलेत. शेवटी शेवटी जड टाइल आधी घालवायची, हा नियमच आहे. ६-५ म्हणजे अकरा ठिपके, ती हातात घेऊन हरले असते तर? उलट चारावर सुटले. काकूंकडे नेमक्या ५-२ आणि २-० निघाल्या, त्याला कोण काय करणार.

चिकोडी_एक्सप्रेस
निपाणीकर, जड आधी हे खरं, पण समोरच्याकडे काय आहे याचा काहीच पत्ता नसताना. इथे २१ टाइल टेबलावर उघड्या पडल्यात. सहाचं बघा. ६-३, ०-६, ६-६, ६-२, ४-६, ६-१. सहा झाल्या. प्रत्येक आकडा सात टाइलवर असतो, सातवी ६-५ मामांच्याच हातात. म्हणजे सहाच्या टोकाला काकूंना जन्मात काही लावता येणार नव्हतं. ते टोक मामांचं स्वतःचं होतं आणि मामांनी तेच आपल्या हाताने बंद केलं!

४-३ आधी लावायची, विषय संपला. न दिसलेल्या चार टाइल मी काढल्या : ३-३, १-०, ०-४, २-५. काकूंकडे यातल्याच दोन.

मलप्रभा
चिकोडी, सहाचं टोक राखायचं हे अगदी बरोबर. पण यादीत एक चूक आहे आणि ती फोटो परत न बघताच कळते.

ओळीत जिथे जिथे दोन टाइल जोडल्यात तिथे तोच आकडा दोनदा आलाय. म्हणजे टेबलावरचा प्रत्येक आकडा जोडीत बसलाय, एकटे पडलेत ते फक्त दोन टोकांचे. आणि संपूर्ण संचात प्रत्येक आकडा आठ वेळा असतो, कारण डबलवर तो दोनदा येतो. आठ ही सम संख्या. तेव्हा जे बाहेर उरलंय, म्हणजे तुमच्या हातातलं आणि न दिसलेलं मिळून, त्यातही प्रत्येक आकडा सम वेळाच यायला हवा. फक्त टोकांवरचे दोन आकडे विषम वेळा. दोन्ही टोकांना एकच आकडा असेल तर सगळेच सम.

आता तुमची यादी आणि मामांचा हात एकत्र धरा. २ फक्त एकदा येतो, २-५ मध्ये. पण २ टोकावर नाही. आणि ४ दोनदा येतो, ४-३ आणि ०-४ मध्ये, तोही टोकावर असताना. म्हणजे कुठेतरी २ च्या जागी ४ लिहिला गेलाय. खरी टाइल ०-२. ४-० तर टेबलावर मधोमध पडलीय.

चिकोडी_एक्सप्रेस
होय की! ४-० दिसलीच नाही मला. ही सम-विषमची तपासणी भारी आहे, कुणी सांगितली नव्हती.

मलप्रभा
सरळ एका ओळीत खेळता तोवरच ती चालते. काही घरांत डबलच्या चारही बाजूंनी फांद्या काढतात, तिथे टोकं दोनाहून जास्त होतात आणि हिशेब बदलतो.

भाचा, तुम्हाला एक प्रश्न. ढिगातून शेवटची उचल कुणी केली, आणि त्या वेळी टोकांना काय होतं? तुमच्या वादाचा निकाल त्यावर आहे.

खानापूर_गाडी
आमच्यात चौघं खेळतात, समोरासमोर भिडू. ढीग वगैरे भानगडच नाही, सातसात वाटल्या की २८ संपल्या. त्यामुळे तुमचं ते शेवटच्या दोन टाइलचं मला कळलंच नाही, सगळ्या वाटून टाका की. आमचा एक डाव सांगतो. पाचाच्या सातही टाइल टेबलावर, एका टोकाला ५, दुसऱ्याला २. आता ५ ला कुणालाच काही लावता येईना, सगळे दोनाच्या टोकावर खेळत बसले. शेवटी माझा भिडू सुटला. तर मामांनीही असंच एक टोक मारून टाकायला पाहिजे होतं.

मलप्रभा
खानापूर, चौघांत ढीग नसतो म्हणून पहिल्या पासपासूनच माहिती पक्की होते. ज्याने तीनावर पास दिला त्याच्याकडे शेवटपर्यंत तीन येणार नाही. दोघांत तसं नाही, कारण मधे तो उचलू शकतो. भाच्याचा प्रश्न दोघांच्या खेळाचा आहे.

पण तुमचा डाव मात्र सांगितलात तसा होऊ शकत नाही. पाचाच्या सातही टाइल खाली असतील तर पाचाची आठही घरं टेबलावर आली. जोड्या लावल्या तर एकटा ५ उरणारच नाही. मग एक तर दोन्ही टोकांना ५ हवा, नाहीतर एकाही नाही. एकाच टोकाला असणं शक्य नाही.

खानापूर_गाडी
अहो, मी तिथे बसलो होतो. चार माणसं साक्षीला आहेत.

मलप्रभा
मग पाचाची एखादी टाइल कुणाच्या तरी हातात होती आणि ती मोजण्यातून निसटली, किंवा कुणीतरी चुकीचा आकडा जोडला. याखेरीज तिसरं काही मला सुचत नाही.

शहापूरचा_भाचा
शेवटची उचल काकूंनी केली. मला पक्कं आठवतंय, कारण त्यांच्या हातात तेव्हा एकच टाइल उरली होती आणि त्या सुटणार म्हणून मामा घाबरले होते. टोकांना ३ आणि १ होते. काकू "इल्ला री" म्हणाल्या आणि ढिगात पाच होत्या त्यातल्या तीन उचलल्या. तिसरी १-५ निघाली, ती लगेच लावली. ढीग दोनवर आला. मग मामांनी ६-३ लावली, काकूंनी ५-४, आणि पुढे मी वर दिलंय ते. मामांना काही उचलावं लागलं नाही.

मलप्रभा
बस, सगळं इथेच आहे.

काकूंच्या हातात एक टाइल होती, ती ३ किंवा १ ची नव्हती, नाहीतर त्यांनी लावली असती. पहिली उचलली, तीही लागली नाही, म्हणजे तिच्यावरही ३ किंवा १ नाही. दुसरीचंही तेच. तिसरी लागली आणि ती टेबलावर गेली. म्हणजे त्या क्षणी काकूंच्या हातात राहिलेल्या तिन्ही टाइलवर ना ३ ना १. त्यानंतर ढीग बंद, त्यांच्याकडे नवीन काही येणार नाही. डाव संपेपर्यंत काकू तीनाला आणि एकाला लंगड्या.

आता न दिसलेल्या चार बघा : ३-३, १-०, ०-२, २-५. पहिल्या दोन काकूंकडे असूच शकत नाहीत. मग त्या कुठे? ढिगातल्या त्या दोन न उचललेल्या टाइल त्याच. म्हणजे काकूंचा हात ०-२ आणि २-५, पालथ्या असून उघड्या.

मामांनी ४-३ लावली की टोकं ३ आणि ६. काकूंकडे दोन्ही नाहीत, पास. मामांनी ३-१ लावली की टोकं १ आणि ६. पुन्हा पास. मामा ६-५ लावून सुटले, नऊ गुण.

इथे क्रमही बघण्यासारखा आहे. पहिल्या पासनंतर ३-१ ऐवजी ६-५ लावली असती तर टोकं ३ आणि ५ झाली असती. काकूंनी ५-२ घातली असती, मामा ३-१ ने सुटलेच असते, पण काकूंच्या हातात फक्त ०-२ उरली असती. नवाऐवजी दोन गुण. सहाचं टोक कुठे पळून जाणार नव्हतं, म्हणून ते शेवटी वापरायचं.

निपाणीकर
मान्य, पण हे सगळं खेळताना डोक्यात ठेवायचं म्हणजे तिथे माणूस खेळायला बसलाय की दुकानाची वही लिहायला? २१ टाइल कोण लक्षात ठेवणार?

मलप्रभा
लक्षात ठेवायच्याच नाहीत. पत्त्यांत पडलेली पानं पालथी होतात, इथे प्रत्येक टाइल डोळ्यासमोर पडून असते. आपली पाळी आली की हातातल्या धरून शून्यापासून चालायचं : ०-० आहे, ०-१ नाही, ०-२ नाही, ०-३ आहे. मग १-१ पासून, मग २-२ पासून. मागे वळायचं नाही. ढिगात सहा-सात राहिल्या की एकदा करायचं, त्याआधी केलेलं वाया जातं. सरावाने अर्ध्या मिनिटात होतं. आणि शेवटी सम-विषम बघायचं.

स्मरणशक्ती खर्च करायची ती फक्त एका गोष्टीवर : समोरचा शेवटचा अडला कधी आणि टोकांना तेव्हा काय होतं. टेबल पाहून ते परत कळत नाही. भाच्याच्या फोटोत सगळ्या टाइल होत्या, पण उत्तर नव्हतं. मी बोटांवर धरते, डाव्या हाताचा अंगठा त्या आकड्याच्या पेराला. समोरच्याने पुन्हा उचललं की जुनं पुसायचं आणि नवीन टोकं धरायची.

टिळकवाडीची_आत्या
जरा थांबा. आमच्या घरी लावायला असली तरी पाहिजे तर उचलता येते. जाऊबाई मुद्दाम उचलतात, हात भरला की पुढे पर्याय राहतात म्हणतात. मग तुमचं "अडल्या म्हणजे नाहीच" कसं लागू पडणार?

मलप्रभा
आत्या, नाही लागू पडत. तुमच्या नियमात उचल ही फक्त शंका आहे, पुरावा नाही. असली तर लावलीच पाहिजे असं ठरलं असेल तिथेच हे चालतं. तरी ढीग बंद झाल्यानंतरचा पास तुमच्याकडेही पक्का धरता येईल, पास मुद्दाम देता येत नसेल तर.

टिळकवाडीची_आत्या
पास मुद्दाम देत नाही, तेवढी लाज आहे घरात.

चिकोडी_एक्सप्रेस
मलप्रभाताई, समजा भाच्याला ती उचल आठवलीच नसती. तरी माझं ४-३ च बरोबर ना?

मलप्रभा
तरीही तेच बरं, पण "विषय संपला" असं नाही. चारपैकी कुठल्याही दोन काकूंकडे असू शकल्या असत्या. ४-३ लावल्यावर टोकं ३ आणि ६, त्यात काकूंना लागू शकणारी एकच टाइल, ३-३. ती नसेल तर पास, आणि मग मामा काहीही करोत, सुटतातच. पण ३-३ असेल तर त्या ती लावतात, टोकं तीच राहतात, काकूंकडे एक उरते आणि मामांकडे ३-१ आणि ६-५. आता काकूंची शेवटची १-० असेल तर ३-१ लावून मामा गेले. ती ५-२ असेल तर ६-५ लावून गेले. ०-२ असेल तर कशानेही जिंकले. तिथे फक्त अंदाज उरतो.

अनगोळचा_पोरगा
मी वाचत होतो सगळं. मला वाटतं मामांनी चूक एक चाल आधीच केली. काकूंनी १-५ लावली तेव्हा टोकं ३ आणि ५. मामांकडे ६-३, ४-३, ३-१, ६-५ अशा चार. काकूंकडे तीन. ढीग तेव्हाच बंद झाला होता. म्हणजे काकूंचा हात त्याच क्षणी कळला होता : ५-४, ०-२, २-५. बरोबर?

मग मामांनी ६-३ का लावली? ६-५ पाचाला लावायची. टोकं ३ आणि ६. काकूंकडे ना ३ ना ६. पास. मग ३-१, टोकं १ आणि ६. पास. मग ६-३ सहाला, टोकं १ आणि ३. पास. मग ४-३ ने सुटायचं. काकूंना एकही टाइल लावता येत नाही आणि तिन्ही हातात राहतात. नऊ, दोन आणि सात, अठरा गुण.

मलप्रभा
पोरा, शाब्बास. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. दर चालीला पडताळलं, बरोबर आहे. आणि निपाणीकरांची ६-५ तिथे पहिली चाल म्हणून योग्य ठरते, जड आहे म्हणून नव्हे, तर पाचाचं टोक मारते म्हणून. काकूंच्या दोन टाइल पाचाच्या होत्या.

निपाणीकर
म्हणजे मी बरोबर होतो, फक्त एक चाल उशिरा. 😀

खानापूर_गाडी
त्या पाचाच्या डावाचं मी भिडूला विचारलं. तो म्हणतो टोकांना ५ आणि २ होते हे नक्की. आता सातवी पाचाची टाइल कुणाच्या हातात होती ते कुणालाच आठवेना. सुटला तेव्हा बाकीच्यांनी टाइल सरळ पिसायला ढकलल्या होत्या.

शहापूरचा_भाचा
मामांना अठरा गुणांचं वाचून दाखवलं. पाच मिनिटं टाइल मांडून बघत बसले. मग म्हणाले, "काकूंनी तीन उचलल्या हे मला दिसलं, पण मी त्या किती उचलल्या तेच मोजत होतो, काय नाहीत ते नाही." काकूंना धागा दाखवू नको म्हणालेत.

एक शेवटचं विचारतो. परवा उलटं झालं. ढीग बंद करणारी उचल मामांनी केली आणि त्याआधी काकू एकदाही अडल्या नव्हत्या. मग काकूंचा हात कसा काढायचा?

मलप्रभा
पूर्ण काढता येत नाही. तुमच्या उचलीतून काकूंबद्दल काही कळत नाही, उलट तुमचा हात त्यांना कळतो. ढीग बंद झाल्यावर त्यांनी पहिला पास दिला की ते दोन आकडे धरायचे आणि यादीतून तेवढ्या टाइल ढिगात टाकायच्या. तोवर कुठलं टोक फक्त तुमचं आहे एवढंच बघता येतं, चिकोडीने सहाचं बघितलं तसं.

टिळकवाडीची_आत्या
आणि काकू मुद्दाम एखादा आकडा राखून दुसऱ्या टोकावरच खेळत असतील तर? जाऊबाई तसंच करतात. लावतात एकीकडे, हातात असतं दुसरंच.

मलप्रभा
तसं खेळणारा माणूस समोर असेल तर पास येईपर्यंत कुठलीच खात्री नाही. जाऊबाईंनी एकाच टोकावर सलग लावलं म्हणून दुसऱ्या टोकाचा आकडा त्यांच्याकडे नाही, असं धरून मी तरी चाल करणार नाही.